पानांवरचे खत: काळ्या जमिनीतील सोयाबीनचा पिवळेपणा आणि फवारणीचा हिशेब

भोपाळ शहराच्या उत्तरेस बैरसिया रस्त्यावर नबीबाग येथे १९८८ साली स्थापन झालेली भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे, आणि देशभरातील जमिनींमध्ये सूक्ष्म अन्नद्रव्ये, म्हणजे पिकाला अत्यल्प प्रमाणात पण अनिवार्यपणे लागणारी जस्त, लोह, बोरॉन, मंगल, तांबे ही द्रव्ये, कुठे किती कमी पडतात याची पाहणी करणारा समन्वित प्रकल्प येथूनच चालवला जातो. या प्रकल्पाने तपासलेल्या दोन लाखांहून अधिक माती-नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत जस्त कमी आढळले. लोहाची कमतरता त्यापेक्षा बरीच कमी ठिकाणी दिसली. तरीही भोपाळ, सिहोर, विदिशा या भागांत काय आणि विदर्भ-मराठवाड्यात काय, जुलै महिन्यात काळ्या जमिनीतले सोयाबीन पिवळे पडू लागले की शेतकऱ्याच्या हाती फवारणीचा पंप येतो आणि कृषी सेवा केंद्रातून ‘मायक्रोन्यूट्रिएंट’ किंवा ‘एकोणीस-एकोणीस’ची पुडी घरी येते. त्या पुडीने कधी आठवड्याभरात शेत हिरवे होते, तर कधी पैसा आणि मजुरी दोन्ही मातीत जातात. हा फरक बहुतेक वेळा खताच्या दर्जाचा नसतो. पिवळेपणाचे कारण कोणते होते आणि त्या कारणावर पानाच्या वाटेने इलाज होणे शक्य होते का, यावर तो अवलंबून असतो.

या भागातील सोयाबीनचा सर्वांत परिचित पिवळेपणा लोहाच्या अभावाचा असतो, आणि तो समजून घेताना पहिली अडचण अशी येते की काळ्या जमिनीत लोह मुळीच कमी नसते. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच थरात सुमारे आठ लाख किलो माती असते, आणि बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत लोहाचे प्रमाण तीन टक्के धरले तरी तो साठा २४ हजार किलोंचा होतो. सोयाबीनच्या एका पिकाला मात्र एकरी काही शे ग्रॅम लोहच पुरते. कमतरता आहे ती विरघळलेल्या लोहाची. जमिनीचा सामू, म्हणजे तिची आम्ल-विम्लता दाखवणारा अंक, साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असला आणि तीत चुनखडी असली की लोह गंजाच्या स्वरूपात घट्ट बसते. सामू एका अंकाने वाढला की या लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटींनी घटते. सोयाबीनची मुळे आपल्याभोवती आम्ल सोडून लोह सोडवून घेण्याचा प्रयत्न करतात, परंतु सततच्या पावसाने शेतात पाणी साचले म्हणजे हवेअभावी कर्बवायू जमिनीतच कोंडतो, चुनखडीशी त्याची क्रिया होऊन बायकार्बोनेट वाढते आणि ते मुळांनी सोडलेले आम्ल जागच्या जागी निकामी करते. म्हणूनच हा पिवळेपणा जोराच्या पावसानंतर, सखल जागी आणि चुनखडीच्या पट्ट्यात आधी दिसतो.

अशा जमिनीत एकरी दहा किलो हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फेकून दिल्याने फारसे साधत नाही, कारण मातीत आधीच असलेल्या हजारो किलोंत त्याची भर पडते इतकेच, आणि तेही थोड्याच काळात गंजून त्यांच्यासारखेच निरुपयोगी होते. इथे पानाचा मार्ग खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो, कारण तो मातीला वळसा घालतो. १८४०च्या दशकात फ्रान्समध्ये युसेब ग्रिस या संशोधकाने लोहाच्या क्षाराचे द्रावण पिवळ्या पानांवर लावून ती हिरवी होतात हे दाखवले होते, आणि १९१६ साली हवाई बेटांवर मॅक्सवेल जॉन्सन याने हेच तत्त्व शेतावर नेले. तिथल्या काळपट, मंगलाने भरलेल्या जमिनीत अननस पिवळा पडत असे, कारण मातीत भरपूर लोह असूनही मंगलाच्या अतिरेकामुळे ते झाडाला वापरता येत नसे. जमिनीत घातलेल्या खताने जे साधले नाही ते फेरस सल्फेटच्या फवारणीने साधले, आणि जी जमीन अननसाला नालायक मानली जात होती ती लागवडीखाली आली. पानांवर खत देण्याच्या पद्धतीचे हे आजही सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे: गरज ग्रॅममध्ये मोजण्याइतकी होती आणि मुळाची वाट खरोखर बंद होती.

पान हे मुळासारखे अन्न शोषणारे इंद्रिय नाही, ही गोष्ट या सगळ्या चर्चेत मध्यवर्ती आहे. पानाच्या पृष्ठभागावर मेणचट आवरण असते आणि त्याचे काम पाणी आत-बाहेर जाऊ न देणे हे असते. त्या आवरणातील अतिसूक्ष्म वाटांतून आणि काही प्रमाणात पर्णरंध्रांतून विरघळलेले क्षार आत शिरतात, पण ते द्रावणाच्या रूपात असेपर्यंतच; थेंब वाळून त्याचे स्फटिक झाले की प्रवेश जवळजवळ थांबतो. भर दुपारी कोरड्या वाऱ्यात मारलेला फवारा काही मिनिटांत वाळतो, तर संध्याकाळी दमट हवेत मारलेला फवारा बराच वेळ ओला राहतो. म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारावे हा सल्ला थेट शोषणाशी निगडित आहे. सोयाबीनच्या पानांवर लव असल्याने पाण्याचे थेंब तिच्यावरच तरंगून राहतात, त्यामुळे फवाऱ्यात थोडे चिकटद्रव्य घालावे लागते. शिवाय आत शिरलेले प्रत्येक द्रव्य पुढे सरकतेच असे नाही. नत्र सहज फिरते, लोह मात्र ज्या पानात शिरले तिथेच बहुतांशी अडकून राहते, आणि या एका गुणधर्मातून निदान आणि उपचार या दोन्हींचे नियम निघतात.

लोह जुन्या पानांतून नव्यांकडे जात नसल्यामुळे त्याचा अभाव नेहमी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसतो: शिरा हिरव्या राहतात, शिरांमधला भाग फिकट पिवळा आणि पुढे जवळजवळ पांढरट होतो, आणि खालची जुनी पाने हिरवीच असतात. नत्र कमी पडले तर उलट घडते. झाड जुन्या पानांतले नत्र काढून शेंड्याला देते, त्यामुळे खालची पाने शिरांसकट सारखी पिवळी पडतात आणि झाड उपटून पाहिले तर मुळांवरच्या गाठी लहान, मोजक्या किंवा आतून गुलाबी नसलेल्या आढळतात. पिवळा मोझॅक हा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणुजन्य रोग असून त्यात शेतभर विखुरलेल्या एकेका झाडाच्या पानांवर शिरांची पर्वा न करता पिवळ्याधमक आणि हिरव्या रंगाचे ओबडधोबड ठिपके मिसळलेले असतात. अशा झाडावर कितीही सूक्ष्म अन्नद्रव्ये मारली तरी उपयोग नाही, ते झाड उपटून टाकणे आणि माशीचा बंदोबस्त करणे हाच त्यावरचा मार्ग आहे. चौथे कारण बहुधा विसरले जाते: इमॅझेथापायरसारखे तणनाशक मारल्यानंतर आठवड्याभरात कोवळी पाने पिवळी पडतात, परंतु हा पिवळेपणा तणनाशक फवारलेल्या साऱ्या क्षेत्रावर सारखा असतो आणि पीक सशक्त असेल तर आपोआप निवळतो.

नजरेचे निदान पक्के करण्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लोहाच्या बाबतीत फारसा मदत करत नाही, हे मान्य केले पाहिजे. माती-तपासणीतला लोहाचा आकडा पुरेसा असूनही पावसाच्या दिवसांत पीक पिवळे पडू शकते, आणि पानांच्या तपासणीत पिवळ्या पानातही हिरव्या पानाइतकेच लोह निघू शकते, कारण ते पानात पोहोचलेले असते पण उपयोगात येण्यासारख्या रूपात नसते. शेतावरच करता येणारी जुनी चाचणी यापेक्षा विश्वासार्ह आहे. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून त्या द्रावणात काही पिवळ्या झाडांचे एकेक कोवळे पान क्षणभर बुडवावे, शेजारच्या झाडांची तशीच पाने नुसत्या पाण्यात बुडवावीत आणि दोन्हींना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधावेत. अभाव लोहाचाच असेल तर चार-सहा दिवसांत द्रावणातली पाने हिरवी होऊ लागतात, आणि तीही एकसारखी नव्हे, तर जिथे थेंब अधिक काळ टिकला तिथे आधी हिरवे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांकडे नीट पाहिले तर लोह पानात पसरत नाही, जिथे शिरले तिथेच काम करते, ही गोष्ट उघड्या डोळ्यांनी दिसते. दोन्ही पाने सारखीच पिवळी राहिली तर लोहावरचा खर्च टळतो, आणि दोन्ही सारखीच हिरवी झाली तर पीक आपोआप सावरत आहे हे कळते.

चाचणी होकारार्थी आली तर एकरी फवारणीचा हिशेब साधा आहे. १०० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम हिराकस या प्रमाणाला अर्धा टक्का म्हणतात. एकरी २०० लिटर पाणी लागेल असे धरल्यास एक किलो हिराकस लागते आणि त्यात १९ टक्के लोह असल्याने पानांवर १९० ग्रॅम लोह पोहोचते. पिकाची एकूण गरज काही शे ग्रॅमची असताना हा आकडा अर्थपूर्ण आहे. हिराकसचे खडे हिरवट-निळसर असावेत. तपकिरी झालेली पूड म्हणजे आधीच गंजलेले लोह होय. ते आम्लधर्मी असल्याने पाने करपू नयेत म्हणून १०० लिटरला २५० ग्रॅम चुन्याची निवळी गाळून मिसळण्याची शिफारस असते, किंवा लोह विरघळलेले राहावे म्हणून १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालतात; यांपैकी एकच गोष्ट करावी, दोन्ही नव्हे. द्रावण ताजे करावे आणि लगेच वापरावे, कारण क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात ते पाहता पाहता गढूळ तांबूस होते, आणि असा रंग आला की पंपात लोहाऐवजी गंज भरला गेला आहे असे समजावे. याच कारणासाठी हिराकस आणि १९:१९:१९ एका टाकीत मिसळणे ही सर्वांत महागडी चूक ठरते: खतातील स्फुरद लोहाला पकडून अविद्राव्य साका तयार करते, नोझल तुंबते आणि दोन्ही खते वाया जातात. ‘एका फेरीत दोन कामे’ ही मजुरी वाचवण्याची स्वाभाविक इच्छा इथे नडते.

नवे पान लोहाशिवायच उमलत असल्याने एका फवारणीने भागत नाही. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन, क्वचित तीन फवारण्या लागतात. या उपायाला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती विक्रेत्याच्या पत्रकात सापडत नाही. पीक तीन-चार पानांवर असताना जमीन झाकलेली नसते, त्यामुळे फवाऱ्याचा मोठा भाग मातीवरच पडतो. पाने हिरवी झाली तरी उत्पादन त्याच प्रमाणात वाढेलच अशी खात्री नसते. चुनखडीच्या जमिनीत जो भाग दरवर्षी पिवळा पडतो तिथे पाण्याचा निचरा करणारे सरी-वरंबे किंवा रुंद वाफे आणि लोहाच्या टंचाईत तग धरणारा वाण यांचे मोल फवारणीपेक्षा जास्त आहे. पिशवीतले चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूत गुंफून विरघळते ठेवलेले लोह, टाकीत कमी साकळते आणि पाने कमी जाळते हे खरे. परंतु बाजारात सर्रास मिळणारे ईडीटीए प्रकारचे चिलेट विम्लधर्मी मातीत टिकत नाही, म्हणून ते जमिनीतून देणे व्यर्थ आहे, आणि फवारणीसाठी नीट बनवलेले साधे हिराकस त्याच्या कितीतरी कमी खर्चात तेच काम करते.

आता तोच हिशेब नत्र, स्फुरद आणि पालाश या मुख्य अन्नद्रव्यांना लावला की चित्र पालटते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या साधारण सोळा टक्के नत्र असते, म्हणजे एकरी आठ क्विंटल दाणे झाले तर केवळ दाण्यांतच सुमारे ५० किलो नत्र जाते. १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक टक्का प्रमाणात २०० लिटर पाण्यातून फवारले तर दोन किलो खत पडते आणि त्यात ३८० ग्रॅम नत्र असते. दाण्यातल्या नत्राच्या शंभराव्या भागाइतकेही ते भरत नाही. हे खत किलोला शंभर रुपये धरले तरी फवारणीत दोनशे रुपये जातात, आणि तेवढेच नत्र, स्फुरद व पालाश युरिया, डीएपी आणि पोटॅश यांच्या गोण्यांतून साधारण पन्नास रुपयांत जमिनीत घालता येते. प्रमाण वाढवून ही तूट भरून काढावी म्हटले तर पानाची सोसण्याची सीमा आड येते: युरिया दोन टक्क्यांच्या फार पुढे गेला की पानांच्या कडा करपतात, आणि दोन टक्क्यांच्या २०० लिटर द्रावणातूनही एकरी १.८ किलोच्या आसपासच नत्र मिळते.

या मर्यादेवर मात करण्याचा मोठा प्रयत्न सोयाबीनवरच झाला होता. १९७६ साली अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील गार्सिया आणि हॅनवे यांनी दाणे भरण्याच्या काळात नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक यांच्या ठरावीक प्रमाणातील फवारण्या देऊन उत्पादन लक्षणीय वाढल्याचे प्रसिद्ध केले. कल्पना तर्कशुद्ध होती, कारण दाणे भरताना पाने रिकामी होत जातात आणि मुळे थकतात. परंतु त्यानंतर अनेक राज्यांत झालेल्या प्रयोगांत ती वाढ पुन्हा दिसली नाही, काही ठिकाणी पाने करपून उत्पादन घटले, आणि ही पद्धत शेतकऱ्यांत रुजली नाही. भारतात २०२१पासून विकल्या जाणाऱ्या नॅनो युरियाबद्दलही हेच गणित आधी मांडायला हवे होते. ४ टक्के नत्र असलेल्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम नत्र असते, तर ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २० किलो ७०० ग्रॅम. एक बाटली एका गोणीची जागा घेते या दाव्यासाठी पानात शिरलेल्या नत्राच्या प्रत्येक ग्रॅमला हजार ग्रॅमांचे काम करावे लागेल, आणि प्रथिनाच्या रेणूत नत्राचे अणू मोजूनच बसत असल्याने ते होऊ शकत नाही. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात नेहमीच्या युरियाची मात्रा कमी करून नॅनो युरिया फवारला गेला तेव्हा दोन वर्षांच्या प्रयोगात गव्हाचे उत्पादन २१.६ टक्क्यांनी आणि भाताचे १३ टक्क्यांनी घटले.

याचा अर्थ नत्राची फवारणी सदैव निरर्थक असा मात्र नाही. पावसाने आठवडाभर शेत तुंबून गाठी गुदमरल्या असतील, किंवा फुलोऱ्यात पावसाने ताण दिल्याने वरच्या कोरड्या थरातले खत मुळांना उचलता येत नसेल, तर दोन टक्के युरियाची फवारणी त्या अडलेल्या दिवसांपुरता आधार देते. विदर्भातील कोरडवाहू कपाशीत फुलोऱ्यात दोन टक्के युरिया आणि बोंडे भरताना दोन टक्के डीएपी देण्याची शिफारस याच विचारातून आलेली आहे. लाल्या पडलेल्या कपाशीवर मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी मॅग्नेशियमच खरोखर कमी असेल तर गुण देते, पण रात्रीच्या थंडीने किंवा बोंडांचा भार वाढून नत्र ओढले गेल्याने पाने लाल झाली असतील तर तीच फवारणी रंग परत आणू शकत नाही.

जस्ताचे उदाहरण लोहाच्या अगदी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे, कारण जमीन तीच, कमतरता अधिक व्यापक, आणि सल्ला मात्र उलटा. सोयाबीननंतर त्याच शेतात येणाऱ्या गव्हाच्या एकरी २० क्विंटल पिकाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम जस्त लागते, आणि अर्धा टक्का झिंक सल्फेटच्या एका फवारणीत २१० ग्रॅम जस्त असते, म्हणजे गणित इथेही जुळते. परंतु जमिनीत घातलेले जस्त लोहासारखे गंजून निकामी होत नाही. एकरी दहा किलो झिंक सल्फेट पेरणीपूर्वी एकदा दिले तर त्याचा परिणाम पुढील अनेक हंगाम टिकतो, आणि फवारणी मात्र दरवर्षी नव्याने करावी लागते. म्हणून माती-तपासणीत जस्त दशलक्ष भागांत ०.६पेक्षा कमी असल्याचे आधीच माहीत असेल तर फवारणीची वाट पाहणे हा तोटा आहे. फवारणी ही उभ्या पिकात कमतरता उशिरा लक्षात आली तर करायची दुरुस्ती आहे. दाणा दुधाळ अवस्थेत असताना केलेल्या फवारणीने दाण्यातील जस्त वाढते हे अनेक प्रयोगांतून सिद्ध झाले आहे आणि खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी ते मोलाचे आहे, परंतु जमिनीत जस्त पुरेसे असेल तर त्या फवारणीने पोत्यांची संख्या वाढत नाही.

कोणतीही फवारणी उपयोगी पडली की नाही हे ठरवताना सर्वांत मोठी फसगत पाऊसच करतो. पाणी साचल्याने आलेला लोहाचा पिवळेपणा उघडीप मिळून जमिनीत हवा खेळू लागली की आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो, आणि फवारणीही उघडीप मिळाल्यावरच केली जाते. त्यामुळे पिकाने स्वतः सावरून घेतल्याचे श्रेय नेमके त्या आठवड्यात मारलेल्या बाटलीला मिळते आणि पुढच्या वर्षी तीच बाटली पुन्हा घेतली जाते. यावर उपाय फारसा कठीण नाही. फवारणी करताना सर्वाधिक पिवळ्या पट्ट्यातली चार तासे न फवारता सोडावीत, त्यांच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवाव्यात, दहाव्या दिवशी शेजारच्या तासांशी रंग ताडून पाहावा आणि मळणीच्या वेळी त्या चार तासांचे व शेजारच्या तितक्याच लांबीच्या चार तासांचे दाणे वेगवेगळे काढून वजन करावे.